एकवीसचा दुसरा ग्रुप

चिखलीच्या ज्या कॉलेजात मी गणित शिकवतो, तिथे एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला त्या साली चौदा विद्यार्थी होते. अल्जिब्राचा पेपर माझ्याकडे होता. तसा तो बारा वर्षांपासून माझ्याकडेच होता. मला स्वतःला कॅल्क्युलस आवडतो, पण नोकरीला लागलो तेव्हा अल्जिब्रा घ्यायला कुणी तयार नव्हतं आणि मी सगळ्यांत नवा होतो. वहीवरून शिकवायचो. वही माझी, एम.एस्सी.च्या नोट्सवरून उतरवलेली. दरवर्षी तीच वही, तीच उदाहरणं, आणि बहुतेक तेच विनोद.

दिवाळीआधीच्या इंटर्नल परीक्षेत मी पाच मार्कांचा एक प्रश्न टाकला होता. एकवीस घटकांचा कोणताही ग्रुप क्रमनिरपेक्ष असतो, हे सिद्ध करा.

हे ज्यांच्या वाट्याला कधी आलं नाही, त्यांच्यासाठी सांगतो. ग्रुप म्हणजे काही घटक आणि कोणतेही दोन घटक जोडून तिसरा मिळवण्याचा एक नियम. त्यात एक घटक असा असतो की त्याला जोडल्यानं काहीच बदलत नाही. प्रत्येक घटकाला त्याचा परिणाम पुसून टाकणारा एक उलटा घटक असतो. आणि तीन घटक जोडायचे असतील, तर आधी पहिले दोन जोडा किंवा आधी शेवटचे दोन जोडा, उत्तर एकच यायला हवं. आठवड्याचे वार घ्या. मंगळवारनंतर पाच दिवस, सात झाले की पुन्हा पहिल्यापासून. हा सात घटकांचा ग्रुप झाला. इथे दोन अधिक पाच आणि पाच अधिक दोन सारखेच. क्रम बदलून फरक पडत नाही, त्याला क्रमनिरपेक्ष म्हणायचं. पण सगळे ग्रुप असे नसतात. आधी पायमोजा मग चप्पल, आणि आधी चप्पल मग पायमोजा, यात फरक पडतो, हा माझा दरवर्षीचा विनोद.

माझ्या वहीत पंधरा घटकांच्या ग्रुपचा पुरावा होता आणि खाली 'याचप्रमाणे' म्हणून एकवीस; चौदापैकी तेरा जणांनी तोच उतरवला होता. एका मुलीनं तीन ओळी लिहिल्या होत्या. तिसरी ओळ अशी: "हे विधान चूक वाटते, क्रम बदलल्यास उत्तर बदलेल असा ग्रुप असू शकतो." मी लाल पेनानं शून्य दिलं आणि पुढचा पेपर घेतला.

ती मुलगी हिवरा आश्रमच्या पलीकडच्या एका गावाहून यायची. हिवरा आश्रमला गाडी बदलून चिखलीला पोचेपर्यंत तिचा पहिला तास बहुतेकदा अर्धा संपलेला असे. वर्गात बोलायची नाही. पेपर वाटले त्या दिवशी तास संपल्यावर ती टेबलाशी येऊन उभी राहिली. बाकीचे गेले, तरी उभीच.

"सर, एक विचारू?"

"मार्कांचं असेल तर सगळ्यांचं एकदमच बघू."

"मार्काचं नाई. पंधराचा पुरावा मले समजला. एकवीसले तो चालत नाई."

मी म्हणालो, "याचप्रमाणे चालतो. वहीत लिहिलंय की."

"याचप्रमाणे कसा चालते, तेच पाह्यलं मी." तिनं वही उघडली. "पंधरात तीन-तीनचे छोटे ग्रुप किती, तर त्या आकड्यानं पाचाले भाग गेला पाह्यजे, आन् त्याले तीननं भागलं तं एक उरला पाह्यजे. मंग एक नाई तं पाच. पाचाले तीननं भागलं तं दोन उरतात. म्हणून एकच. बराबर?"

"बरोबर."

"एकवीसले एक नाई तं सात. साताले तीननं भागलं तं एक उरते. म्हंजे सात चालतात. तिथं पुरावा अडते." तिनं पान उलटलं. "आन् हिशेब बी बसते, सर. सात छोटे ग्रुप, प्रत्येकात दोन नवे घटक, चौदा. सात घटकवाल्या एका ग्रुपातले सहा. आन् तो काही न बदलवणारा एक. एकवीस."

मी घड्याळाकडे पाहिलं. पुढचा तास नव्हता, तरी पाहिलं. "हिशेब बसला म्हणजे ग्रुप असतोच असं नाही," मी म्हणालो. हे खरं होतं, आणि तेवढंच मला त्या वेळी सुचलं. "दाखवता आला पाहिजे. बनवून आण."

"हाव सर," ती म्हणाली आणि बस गाठायला गेली.

त्या दिवशी दुपारी मी स्टाफरूममध्ये बसून ते स्वतः करून पाहिलं. तिचं बरोबर आहे, हे मला टेबलाशीच कळलं होतं. कळलं होतं आणि तरी मी तिला 'बनवून आण' म्हणालो होतो, हे मी इथे लिहून ठेवतो.

पद्धत मला नावानं माहीत होती. सेमीडायरेक्ट प्रॉडक्ट. शिकताना वाचलं होतं, परीक्षेला आलं नाही म्हणून सोडलं होतं. कल्पना अशी की दोन आकड्यांच्या जोड्या घ्यायच्या. पहिला आकडा शून्य ते सहा, दुसरा शून्य ते दोन. सात गुणिले तीन, एकवीस जोड्या. दोन जोड्या एकमेकींना जोडताना दुसऱ्या आकड्यांची साधी बेरीज, तीन झाले की सोडून द्यायचे. पहिल्या आकड्यांचीही बेरीजच, सात झाले की सोडायचे. पण त्याआधी डावीकडच्या जोडीचा दुसरा आकडा बघायचा. तो शून्य असेल तर उजवीकडचा पहिला आकडा जसाच्या तसा घ्यायचा. एक असेल तर त्याला एका ठरावीक संख्येनं एकदा गुणायचं, दोन असेल तर दोनदा. मग बेरीज. या गुणण्यामुळेच क्रमाला महत्त्व येतं.

प्रश्न एवढाच होता की गुणायचं कशानं. मी तीननं गुणलं. का, ते सांगता येणार नाही. एकवीसात तीन आहे म्हणून असेल. क्रम बदलला की उत्तर बदलत होतं, म्हणून मी खूश झालो. मग तीन जोड्या घेऊन पडताळा केला. शून्य-एक, शून्य-दोन आणि एक-शून्य. आधी पहिल्या दोन जोडल्या, तर शून्य-शून्य आलं, आणि त्याला तिसरी जोडली तर एक-शून्य. आता आधी शेवटच्या दोन. एकाला तीननं दोनदा गुणलं, नऊ, सात सोडून दोन. दोन-दोन. त्याला डावीकडून शून्य-एक जोडली, दोनाला तीननं गुणून सहा. सहा-शून्य. एकीकडे एक, दुसरीकडे सहा. म्हणजे हा ग्रुपच नव्हता.

मी तो कागद चार वेळा तपासला. बेरीज चुकलेली नव्हती. मग मला बरं वाटलं. हे सांगायला लाज वाटते, पण बरं वाटलं. वाटलं, वही बरोबर असेल.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी लवकर आली. तिचा बनवलेला ग्रुप एका पानावर होता, एकवीस ओळी आणि एकवीस रकाने, आडवं पान दुमडून जोडलेलं. गाडीत लिहिल्यामुळे अक्षर कुठेकुठे हललं होतं.

"कशानं गुणलं?" मी पहिलंच विचारलं.

"दोननं."

"दोन काऊन?" मी वर्गात सहसा घरची बोली बोलत नाही. त्या वेळी निघून गेलं.

ती हसली नाही. "तीनदा करून परत जागेवर आलं पाह्यजे ना, सर. दुसरा आकडा तीन झाला का आपण तो सोडून देतो, म्हंजे तीनदा गुणलं आन् एकदाबी नाई गुणलं, हे सारखंच ठरलं पाह्यजे. दोन, चार, आठ. आठातून सात गेले, एक. आलं जागेवर. तीननं नाई येत. तीन, नऊ, सत्तावीस. सत्तावीसातून एकवीस गेले, सहा उरले."

तेच सहा. मी माझा कागद खिशातून काढला नाही.

"चारनं बी येते," ती म्हणाली. "पण तो वेगळा नाई. नावं बदलवली का तोच होते."

आम्ही दोघांनी मिळून तिचा तक्ता तपासला. एक-शून्य डावीकडे, शून्य-एक उजवीकडे: उत्तर एक-एक. उलटं केलं, तर शून्य-एकमुळे उजवीकडच्या एकाची दुप्पट होते: उत्तर दोन-एक. दोन वेगळी उत्तरं. आणि तीन जोड्यांचा माझा कालचा पडताळाही मी तोंडानं करून पाहिला. नवाच्या जागी चार आला, चाराची दुप्पट आठ, सात सोडून एक. दोन्हीकडे एक-शून्य. ग्रुप उभा होता. बारा वर्षं मी जो नाही म्हणून शिकवत होतो, तो माझ्या टेबलावर दुमडलेल्या पानावर होता.

विभागप्रमुखांना मी सांगितलं. त्यांच्या निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं आणि ते कुठल्याही गोष्टीनं दचकत नसत. त्यांनी तक्ता डोळ्यांपासून लांब धरून पाहिला.

"बरोबर आहे पोरीचं. पाच मार्क द्या आणि विषय संपवा."

"बाकी तेरा जणांचं काय?"

"त्यांनी तुम्ही शिकवलं ते लिहिलं. त्यांचे कापता का आता?"

"आणि मागच्या बॅचेस?"

त्यांनी तक्ता परत दिला. "मागच्या बॅचेसमधले कोण आता ग्रुप मोजत बसलेत, सर?"

त्या रविवारी मी गावी गेलो. भाऊ तिथे मिरची आणि कोबी करतो. माझ्या जुन्या वह्या त्याच्याकडे पेटीत होत्या. कॉलेजातली वही ही मी नोकरीला लागल्यावर नीट अक्षरात उतरवलेली; मूळ वही इथे. मला बघायचं होतं की माझ्या सरांनी आम्हाला नेमकं काय सांगितलं होतं. खरं सांगायचं तर चूक त्यांची निघावी अशी माझी इच्छा होती. ते आता नाहीत.

पान सापडलं. पंधराचा पुरावा, शेवटी 'याचप्रमाणे', आणि पुढे आकडे. १५, ३३, ३५ हे निळ्या शाईत. पंधरा आणि तेहतीस यांच्या मधे, वरच्या बाजूला, काळ्या पेनानं २१ घुसवलेला. अक्षर माझं. सरांनी तो आकडा मुद्दाम वगळला होता, आणि मी नंतर कधीतरी अभ्यास करताना त्यांच्याकडून राहिला समजून भरून टाकला होता.

भाऊ बाहेरून म्हणाला, "सापडलं का बे?"

"हाव."

"मंग चाल जेवाले."

सोमवारी मी वर्गात सांगितलं. फळ्यावर एकवीसचा ग्रुप बनवला, दोननं का गुणायचं ते सांगितलं, तीननं का चालत नाही तेही. मी स्वतः तीननं करून पाहिलं होतं, हेही सांगितलं. तक्ता कुणाचा ते सांगितल्यावर सगळ्यांनी मागे वळून त्या मुलीकडे पाहिलं आणि तिनं मान खाली घातली. प्रश्नच चुकीचा होता, म्हणून कुणाचे मार्क कापणार नाही असं म्हणालो. तिला पाच देत होतो.

तास झाल्यावर ती आली. "सर, पाच नका देऊ."

"का?"

"पेपरात मी पुरावा लिहिला नव्हता. नुसतं वाटते असं लिहिलं होतं. दोन द्या."

मी तीन म्हणालो. ती दोनवरच राहिली. तिच्या पेपरावर आजही दोनच आहेत.

जुन्या विद्यार्थ्यांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे, तिथे वाढदिवस आणि भरतीच्या जाहिराती येतात. त्यावर मी लिहिलं की एकवीस घटकांचे ग्रुप दोन प्रकारचे असतात, मी एकच आणि तोही क्रमनिरपेक्षच असं शिकवलं, चूक माझी होती, आणि खाली तो नियम दिला. सात-आठ जणांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. एकानं विचारलं, सर तब्येत बरी आहे ना. मला वाटलं झालं.

चौथ्या दिवशी एकाचा फोन आला. माझ्या सुरुवातीच्या बॅचमधला, हुशार. मेहकर रोडवरच्या एका गावात त्याचं कृषी केंद्र आहे, बियाणं आणि औषधं विकतो. आधी इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, "सर, ते एकवीसचं. मले इंटरव्ह्यूत विचारलं होतं."

"कुठल्या?"

"लेक्चररच्या जागेचा. बाहेरच्या जिल्ह्यात होता. एक मॅडम होत्या पॅनलवर. त्यायनं विचारलं, एकवीसचे ग्रुप किती. मी म्हणलं एक. त्या म्हणल्या, विचार करून सांगा. मी म्हणलं विचार कायचा, एकच हाय. पुरावा बी सांगाले लागलो."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"त्या म्हणल्या, पक्कं? मी म्हणलं पक्कं. आमच्या सरांनी शिकवलं."

पुढच्या शनिवारी मी गाडीनं त्याच्या गावी गेलो. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. रब्बीचे दिवस, हरभऱ्याचं बियाणं घ्यायला माणसं उभी होती. त्यानं मला आत बसवलं, चहा सांगितला, आणि गिऱ्हाइकं संपेपर्यंत माझ्याकडे फारसं पाहिलं नाही. त्याचे केस पुढून गेले होते. वर्गात विचार करताना पेन जसा कानावर ठेवायचा, तसाच अजून ठेवत होता.

मोकळा झाल्यावर समोर येऊन बसला.

"माझ्यामुळे तुझं..." मी सुरुवात केली.

"तसं नाई, सर. त्या जागेले आधीच माणूस ठरला होता, असं लोक म्हणत होते."

"खरंच ठरला होता?"

त्यानं खांदे उडवले. "लोक म्हणत होते. ठरला नसता तं मी लागलो असतो का, हे बी कोनाले माहीत. बाकीचे प्रश्न बरे गेले होते." मग म्हणाला, "मले इतके वर्स वाटे, त्या मॅडमलेच येत नाई. घरी येऊन बायकोले सांगितलं, पॅनलवर बसवतात पण अभ्यास नाई."

मी माफी मागितली. त्यानं ती ऐकून घेतली. 'असू द्या' म्हणाला नाही, आणि तो तसं म्हणेल अशी मी वाट पाहत होतो हे मला तो गप्प राहिल्यावर कळलं.

"तो बनते कसा, ते दाखवा," तो म्हणाला. "तुमच्या मेसेजातून नाई समजलं."

कीटकनाशकाच्या एका माहितीपत्रकाची मागची बाजू कोरी होती. मी जोड्या लिहिल्या, नियम लिहिला. तो दोन मिनिटं बघत बसला. मग कानावरचा पेन काढून त्यानं कागद स्वतःकडे ओढला.

"याचा उलटा कोन?" त्यानं एक-एकवर बोट ठेवलं.

"तूच काढ."

"दुसरा आकडा दोन पाह्यजे, म्हंजे तीन होऊन सुटतात. पह्यला..." तो पुटपुटू लागला. "एक अधिक दुप्पट काहीतरी, सात झालं पाह्यजे. तीन. तीन-दोन."

"दुसऱ्या बाजूनं?"

"तीन-दोन डावीकडं. दोन हाय म्हंजे दोनदा दुप्पट, एकाचे चार. तीन आन् चार सात. सुटलं." त्यानं पेन खाली ठेवला. "बराबर हाय हे."

"हो."

"त्या मॅडम मले एवढाच एक मिनिट देत होत्या, सर."

बाहेर एक म्हातारे गृहस्थ हरभऱ्यावरच्या मर रोगाचं औषध विचारत आले. तो उठून गेला आणि त्यांना बराच वेळ सांगत राहिला, किती पाण्यात किती, कधी फवारायचं नाही, कुठलं दुसऱ्यात मिसळायचं नाही. चांगलं समजावत होता. मी ऐकत बसलो. तो वर्गात कसा बोलला असता, ते मला तिथे बसून स्पष्ट ऐकू येत होतं. मग चिखलीला जाणारी गाडी आली म्हणून मी निघालो. त्यानं दुकानातून हात केला.

ती मुलगी एम.एस्सी. झाली, पहिल्या वर्गात, पण पहिली नाही. बुलढाण्याला एका कॉलेजात तासिकेवर शिकवते. माझ्याकडचा अल्जिब्रा अजून माझ्याकडेच आहे. आता मी पंधराचा पुरावा झाला की 'याचप्रमाणे' म्हणत नाही, आकडे एकेक तपासून घेतो. त्यात अर्धा तास जास्त जातो आणि पोर्शन मागे पडतो.

त्या भेटीनंतर दीड-दोन महिन्यांनी कृषी केंद्रातून फोन आला. सकाळची वेळ होती, मी आंघोळीला निघालो होतो.

"सर, पंचावन्नचा बी बनते. अकरा आन् पाच. चारनं गुणायचं. चार, मंग सोळातून अकरा गेले पाच, पाचाचे वीस, नऊ उरले, नवाचे छत्तीस, तीन उरले, तिनाचे बारा, एक. पाचव्यांदा जागेवर."

मी मनात तपासलं. "बरोबर आहे," म्हणालो.

"पण सर, ते पाच-पाचचे छोटे ग्रुप मंग अकरा होतात का एकच, ते..." मागे कुणीतरी बोललं. "थांबा सर, माल आला," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

अकरा होतात. मी त्याला मेसेज केला नाही. तो काढेल.